विमा कोठे पुरतो आणि कर कोठून लागतो : आरोग्यसेवेचे तीन स्तर आणि त्यांचा खर्च

आरोग्यसेवेचा खर्च विम्यातून भागवावा की शासनाच्या सर्वसाधारण करउत्पन्नातून, हा वाद आपल्या व्यवसायबंधूंच्या बैठकांत वारंवार निघतो. एक पक्ष म्हणतो, सर्वांना विमा मिळाला की प्रश्न मिटला. दुसरा म्हणतो, सरकारी दवाखाने सुधारा, विम्याची गरजच काय? दोन्ही पक्ष एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात, असे आमचे मत आहे. आरोग्यसेवा ही एकच वस्तू नाही. तिचे तीन स्तर आहेत आणि पैसा पुरविण्याची जी रीत एका स्तराला मानवते, ती दुसऱ्याला मानवेलच असे नाही. म्हणून आधी रुग्ण कोणत्या पायरीवर उभा आहे ते पाहावे आणि मगच पैशाचा विचार करावा.

हे तीन स्तर आपल्या परिचयाचेच आहेत. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा पहिला स्तर. डोंगरी व आदिवासी भागात हे प्रमाण अनुक्रमे तीन हजार व वीस हजार आहे. गावातील वैद्य, डॉक्टर आणि औषधाचे दुकान हेही वस्तुतः याच स्तरावर येतात, मग ते शासनाच्या नोंदीत असोत वा नसोत. तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय व त्यावरील उपजिल्हा रुग्णालय हा दुसरा स्तर होय. जिल्हा रुग्णालय या स्तराचा माथा समजावा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, हृदय, वृक्क व कर्करोगाची विशेष रुग्णालये हा तिसरा स्तर. १९४६ साली भोर समितीने ही उतरंड आखली, तेव्हा तिने दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहू नये, ही पहिली. आणि सेवेचा पाया गावाजवळच्या केंद्रात असावा, ही दुसरी.

एका पायाची कथा

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित रुग्ण घेऊ. वय पन्नास, शेतमजूर, मधुमेह निदान होऊन सहा वर्षे झालेली. पायाला मुंग्या येतात, तळवा बधिर झाला आहे, टाचेला भेगा आहेत आणि अंगठ्याखाली घट्टा वाढला आहे. काम बहुतेक अनवाणी. अशा रुग्णाला प्रथम स्तरावर जे हवे असते ते फार थोडे आहे. महिन्याकाठी एकदा रक्तशर्करेची तपासणी, नियमित औषध, आहाराविषयी स्पष्ट सूचना आणि दर भेटीत पायाची तपासणी. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर ठरावीक ठिकाणी टेकवून संवेदना आहे की नाही ते पाहता येते. घोट्याजवळची व पावलावरील नाडी हाताला लागते का, दोन्ही पावलांच्या उष्णतेत फरक आहे का, बोटांच्या बेचक्यात ओल व भेगा आहेत का, हे पाहायला यंत्र लागत नाही. घट्टा वेळीच खरवडून घेतला आणि मऊ तळाची चप्पल वापरली तर या रुग्णाचा पाय बहुधा वाचतो.

हे घडले नाही तर काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. घट्ट्याखाली व्रण होतो. बधिरतेमुळे वेदना नसते, म्हणून रुग्ण हळद लावून कामावर जातो. तीन आठवड्यांनी बोट काळेनिळे पडते, ज्वर येतो. आता तो दुसऱ्या स्तराचा रुग्ण झाला. दाखल करणे, व्रणशोधन, शिरेतून प्रतिजैविके आणि कदाचित एका बोटाचे छेदन. येथेही उशीर झाला किंवा ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सकाचे पद रिक्त असले, तर रुग्ण शहराच्या वाटेला लागतो. तेथे गुडघ्याखालून पाय कापला जातो. हाच मधुमेह वृक्कापर्यंत पोहोचला तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस मागे लागते, आणि ते आयुष्यभर.

आता याच कथेत पैसे कोणी दिले ते पाहू. पाय कापण्याचा खर्च शासकीय आरोग्य विमा योजनेतून होऊ शकतो. डायलिसिसचाही होतो. बोटाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्यास तोही बहुधा होतो. परंतु पहिली सहा वर्षे, ज्या काळात पाय वाचवता आला असता, त्या काळातील गोळ्या, तपासणी, चप्पल आणि वैद्याचा सल्ला यांसाठी विमा एक पैसाही देत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध शिल्लक असेल तर ते विनामूल्य मिळते. नसेल तर रुग्ण दुकानात येतो, दहा दिवसांच्या गोळ्या मागतो, पैसे मोजून पाच दिवसांच्या घेतो आणि पुढच्या महिन्यात येत नाही. औषध दुकानदार वाचकांना हे निराळे सांगावयास नको. सुश्रुतांनी सांगितलेल्या सहा क्रियाकालांच्या भाषेत बोलायचे तर आपला विमा व्यक्ती व भेद या अवस्थांपाशी जागा होतो. संचय, प्रकोप, प्रसर आणि स्थानसंश्रय या चारही अवस्था रुग्णाच्या खिशावर सोडलेल्या आहेत.

विमा पहिल्या पायरीवर का येत नाही

यात विमा कंपन्यांचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. विम्याचे शास्त्रच तसे आहे. जी आपत्ती क्वचित येते, आली तर फार मोठी असते आणि कोणावर येईल ते आधी सांगता येत नाही, तिच्यासाठी विमा उत्तम. हजार घरांनी थोडे थोडे द्यायचे आणि ज्याचे घर जळेल त्याला त्यातून द्यायचे. मधुमेही रुग्णाची मासिक भेट याच्या नेमकी उलट आहे. ती वारंवार होणारी, लहान रकमेची आणि आधीच ठाऊक असलेली गोष्ट आहे. दोनशे रुपयांच्या प्रत्येक भेटीचा दावा भरायचा, तपासायचा, मंजूर करायचा म्हटले तर कागदपत्रांचाच खर्च मूळ रकमेशी स्पर्धा करू लागतो. शिवाय खोट्या भेटी दाखवणे सोपे आणि पकडणे कठीण. म्हणून विमाकर्ता 'दाखल झाला असेल तरच' अशी अट घालतो.

महाराष्ट्रातील इतिहास हेच सांगतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत ९७२ उपचारांचे संरक्षण होते. पुढे तिचेच नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पाच लाखांचे संरक्षण घेऊन आली आणि २०२४ पासून राज्याच्या योजनेतही सर्व कुटुंबे व पाच लाखांची मर्यादा आली. व्याप्ती वाढत गेली, रक्कम वाढत गेली, परंतु दार तेच राहिले. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढीच बाह्य सेवा येते, आणि तीही दाखल होण्याला जोडून.

आपल्या चिकित्सेलाही हेच दार लागू आहे. खाजगी आरोग्य विम्यात आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवावे, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावले, हे स्वागतार्हच आहे. परंतु विम्याच्या व्याख्येतील आयुष रुग्णालयाला किमान पाच खाटा व चोवीस तास वैद्य लागतो. त्यामुळे दाखल करून केलेल्या पंचकर्माला पैसे मिळू शकतात, पण वर्षभर प्रमेही रुग्णाचा आहारविहार सांभाळणाऱ्या वैद्याला मिळत नाहीत. परिणामी खाटा वाढवण्याकडे आपल्यातील अनेकांचा कल होतो. पैसा ज्या दाराने येतो त्या दाराकडे व्यवसाय सरकतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

याचा विपर्यास कोठवर जातो, हे छत्तीसगडमध्ये २०१२ साली दिसले. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर तरुण स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढल्याच्या तक्रारी आल्या आणि कारवाई करावी लागली. पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर प्रथम स्तरावर उपचार करण्याचे पैसे नव्हते, शस्त्रक्रियेचे होते. एखाद्या भागातील योजना अशी वाकडी चालली आहे हे ओळखण्याच्या खुणा आहेत. एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियांची संख्या लोकसंख्येच्या मानाने अचानक वाढते. शहराच्या रुग्णालयात आलेल्या बहुसंख्य रुग्णांजवळ खालच्या केंद्राची संदर्भ चिठ्ठी नसते. आणि मधुमेहाचे प्रथम निदानच पायाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी झालेले रुग्ण वारंवार आढळतात.

नाव विम्याचे, पैसा कराचा

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. वरील शासकीय योजनांना आपण विमा म्हणतो, पण त्यांत लाभार्थी हप्ता भरत नाही. तो शासन भरते, म्हणजे आपण सर्व कर भरणारे भरतो. आगपेटीपासून मोटारीपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर देणारा शेतमजूरही त्यात आला. केंद्राच्या योजनेचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० व राज्य ४० या प्रमाणात उचलते. तेव्हा वाद विमा की कर असा उरतच नाही. वाद आहे तो हा, की करातून आलेला पैसा दाखल रुग्णाच्या पॅकेजमागे द्यायचा की प्रथम स्तराच्या केंद्राला व वैद्याला द्यायचा.

खरा सामाजिक विमा वेगळा असतो. जर्मनीत १८८३ पासून पगारातून वर्गणी कापली जाते आणि ती कामगार व मालक यांच्यात वाटली जाते. आपल्याकडे राज्य कर्मचारी विमा योजना १९५२ पासून याच तत्त्वावर चालते. सध्या मालक पगाराच्या सव्वातीन टक्के व कामगार पाऊण टक्का भरतो, आणि महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे या योजनेत दवाखाना, औषध आणि रुग्णालय असे तिन्ही स्तर येतात. महाराष्ट्रात तर खाजगी डॉक्टरांना नोंदलेल्या कामगारांमागे दरडोई ठरावीक वार्षिक रक्कम देण्याची पॅनेल पद्धती तिने चालवली. म्हणजे विमा प्रथम स्तरावर येऊ शकतो, मात्र भेटीगणिक दाव्याच्या रूपाने नव्हे. परंतु ही वर्गणी पगारपत्रकातून कापली जाते. आपल्या देशातील बहुसंख्य श्रमिकांना पगारपत्रकच नाही. ऊसतोड कामगाराची, भाजीवालीची वर्गणी दरमहा कशी कापणार? म्हणून अशा देशात सर्वांपर्यंत पोहोचणारा मार्ग शेवटी कराचाच राहतो.

थायलंडने हे २००२ मध्ये ओळखले. पगारदार नसलेल्या कोट्यवधी लोकांकडून हप्ता गोळा करण्याचा नाद सोडून त्यांनी सर्वसाधारण करातून योजना उभारली. बाह्यरुग्ण सेवेसाठी तालुक्याचे रुग्णालय व त्याखालील आरोग्य केंद्रे यांच्या जाळ्याला नोंदलेल्या माणसामागे दरडोई रक्कम मिळते. दाखल रुग्णांसाठी आजाराच्या गटानुसार, पण एकूण मर्यादित निधीतून पैसे मिळतात. रुग्णाने प्रथम आपल्या नोंदलेल्या केंद्रात जायचे, हा नियम. थायी पारंपरिक चिकित्सेसाठीही त्या योजनेत तरतूद आहे, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

कराच्या मार्गातील खड्डे

याचा अर्थ कराने सर्व सुरळीत होते असे आम्ही म्हणत नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा जुलै १९४८ पासून मुख्यतः करावर चालते आणि तिचा प्रथम स्तर अजूनही वाखाणण्याजोगा आहे. तरीही २०२३ मध्ये इंग्लंडमधील नियोजित उपचारांची प्रतीक्षा यादी पंच्याहत्तर लाखांच्या वर गेली. करात पैसा अर्थसंकल्पाने ठरतो, रुग्णाच्या गरजेने नव्हे. निधी आखडला की रांग लांबते.

आपल्याकडील दोष याहून साधा आहे. प्राथमिक केंद्राला पैसा मिळतो तो इमारत व पदांच्या हिशेबाने. रुग्ण वाढले म्हणून औषध वाढत नाही आणि रुग्ण घटले म्हणून कोणी विचारत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत केसपेपरसह सर्व सेवा विनामूल्य झाल्या, हे चांगलेच झाले. परंतु कपाटात गोळी नसेल तर विनामूल्य केसपेपर घेऊन रुग्ण दुकानातच येतो. तामिळनाडूने यावर १९९० च्या दशकातच उपाय काढला. राज्याचे औषध महामंडळ एकत्रित खरेदी करते, जिल्ह्याच्या गोदामात साठा ठेवते आणि प्रत्येक रुग्णालयाला त्याच्या वाट्याचे एक पासबुक देते. रुग्णालय हवे ते औषध हवे तेव्हा उचलते आणि रक्कम पासबुकातून वजा होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आहे. त्याची कसोटी निविदांत नव्हे, तर उपकेंद्राच्या कपाटात लागेल.

एक साधा हिशेब

तीस हजार लोकसंख्येचे एक प्राथमिक केंद्र घेऊ. त्यात वीस हजार प्रौढ आणि त्यांपैकी आठ टक्के मधुमेही असे गृहीत धरले तर सोळाशे रुग्ण होतात. प्रत्येकामागे औषध, तपासणी, पायाची देखभाल आणि वैद्याचे मानधन मिळून वर्षाला दोन हजार रुपये धरू. एकूण बत्तीस लाख. दुसरीकडे एका रुग्णाचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी दीड हजार रुपये धरल्यास, वर्षाला एक लाख छप्पन्न हजार होतात. वीस रुग्णांचे एकतीस लाख वीस हजार. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, गावोगाव ते बदलतील. परंतु प्रमाण पाहावे. सोळाशे जणांची वर्षभराची काळजी आणि वीस जणांचे डायलिसिस यांचा खर्च जवळजवळ सारखाच. या वीस जणांना नाकारावे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की एकविसावा येऊ नये यासाठी पैसा कोठे आहे?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य खर्चातील दोनतृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेवर जावा आणि एकूण सार्वजनिक खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर जावा, असे म्हटले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के रुग्णांच्या खिशातून गेला. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे. पण उरलेल्या खिशातील खर्चाचा मोठा हिस्सा औषधांचा आहे, आणि तो पाच लाखांच्या कार्डाने कमी होणारा नाही.

आमचे मत

तेव्हा स्तरानुसार विभागणी करावी, असे आम्ही सुचवितो. प्रथम स्तर पूर्णपणे सर्वसाधारण करातून चालावा आणि पैसा नोंदलेल्या कुटुंबांच्या संख्येने दरडोई मिळावा. शासकीय केंद्राबरोबर गावातील पात्र वैद्य व डॉक्टरांनाही अशी नोंदणी घेता यावी. कर्मचारी विमा योजनेची पॅनेल पद्धती हा त्याचा आपल्या मातीतील पूर्वानुभव आहे. राज्यात बी.ए.एम.एस. पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांवर काम करीतच आहेत. तिसरा स्तर पॅकेज पद्धतीने, एकत्रित निधीतून चालावा, कारण तेथील आपत्ती खरोखरच क्वचित व मोठी असते. तातडीचे प्रसंग वगळता संदर्भ चिठ्ठीशिवाय तेथे दार उघडू नये. दुसऱ्या स्तराला दोन्हींचा मेळ हवा : मनुष्यबळासाठी निश्चित अंदाजपत्रक आणि केलेल्या कामानुसार काही भर.

दरडोई पद्धतीतही धोका आहे, तो लपवू नये. पैसे आधीच मिळाले की रुग्ण न तपासता वर पाठवण्याचा मोह होतो. म्हणून एका वैद्यामागे नोंदणीची कमाल मर्यादा असावी, रुग्णाला वर्षातून एकदा वैद्य बदलण्याची मुभा असावी, आणि दोन-तीनच गोष्टींची तपासणी व्हावी. वर्षात किती मधुमेह्यांचे पाय तपासले, कितींची शर्करा नोंदली, कितींना पाठवल्यानंतर परत घेऊन पाठपुरावा केला. याहून अधिक रकाने केले तर ते खोटे भरले जातात.

औषध दुकानदारांनाही यात स्थान असावे. इंग्लंडमध्ये खाजगी दुकानेच सेवेशी करार करून औषध देतात आणि त्यांना औषधाच्या किमतीखेरीज वितरणाचे शुल्क मिळते. आपल्याकडे केंद्रात औषध संपले असता ठरावीक यादीतील औषध करारबद्ध दुकानातून ठरावीक दराने मिळावे आणि त्याचे पैसे वेळेत यावेत. थकबाकी साचली तर ही व्यवस्था सहा महिन्यांत मोडेल, हे दुकानदारांनी आधीच शासनाला सांगावे.

शासनाकडे निवेदने देताना आपल्या संघटना बहुधा विम्याच्या पॅकेजांत अधिक उपचार समाविष्ट करण्याची मागणी करतात. ती गैर नाही, पण ती तिसऱ्या पायरीची मागणी आहे. आपले बहुसंख्य सभासद पहिल्या पायरीवर बसलेले आहेत आणि आपला शेतमजूर रुग्णही तेथेच प्रथम येतो. पुढील निवेदनात दरडोई नोंदणी आणि बाह्यरुग्ण औषध या दोन मागण्या पहिल्या क्रमांकावर असाव्यात, असा ठराव जिल्हा शाखांनी करावा. वाचकांचे मतभेद असल्यास ते आकड्यांसह अवश्य कळवावेत.